द्रवदाब यंत्र तापते ते का? रिलीफ व्हॉल्व्हपासून पंपापर्यंतचा शोध

गोव्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या कचरा वर्गीकरण केंद्रांत आता पुठ्ठा, कागद आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या दाबून त्यांच्या गासड्या बांधणारी द्रवदाब यंत्रे दिसू लागली आहेत. बोलीत त्यांना बेलिंग मशीन असे म्हणतात. या यंत्रांविषयी जी तक्रार वारंवार येते ती एकच असते : सकाळी यंत्र व्यवस्थित चालते, अकरा-बारा वाजेपर्यंत तेलाच्या टाकीला हात लावता येत नाही, आणि दुपारनंतर दाबपाट मंदावतो. तक्रारीवरचा उपायही बहुधा ठरलेलाच असतो. तेल बदलले जाते, टाकीवर पंखा रोखला जातो, आणि तेवढ्याने भागले नाही तर तेल थंड करणारा कूलर बसविण्याचे अंदाजपत्रक तयार होते. उष्णता नेमकी कोठे निर्माण होते याचा शोध घेण्यापूर्वीच ती घालवून देण्याची ही धडपड असते. प्रस्तुत लेखकाला अशाच एका यंत्राची तपासणी करण्याचा प्रसंग आला. तिची हकिगत येथे सविस्तर देत आहे, कारण तिच्यात एकामागे एक दडलेली दोन कारणे आढळली, आणि पहिले सापडल्यावर तपास थांबविला असता तर दुसरे तसेच राहिले असते.

प्रथम यंत्राची रचना पाहू. साडेसात किलोवॅटची, म्हणजे दहा अश्वशक्तीची, विद्युत मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. तिला जोडलेला गिअर पंप एका फेऱ्यात १६ घन सेंटिमीटर तेल ढकलतो. म्हणजे हिशेबाने मिनिटाला २३ लिटर तेल यावे. हे तेल हाताने चालविण्याच्या दिशादर्शक व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जाते. सिलिंडरचा अंतर्व्यास साडेबारा सेंटिमीटर असून त्यातील दट्ट्याला खाली दाबपाट जोडलेला आहे. तेलाचा दाब १६० बार झाला की दाबपाटावर सुमारे २० टनांचा भार येतो. पंप आणि दिशादर्शक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रिलीफ व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंगने दाबून धरलेला शंकू असे त्याचे स्वरूप असून, दाब १६० बारच्या पुढे जाऊ लागला की शंकू उचलला जातो आणि जादा तेल वेगळ्या नळीने टाकीत परत जाते. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम आणि याचे काम तत्त्वतः एकच. टाकीत १०० लिटर तेल मावते. यंत्र लहान असल्याने कूलर मुळातच दिलेला नाही.

आता उष्णतेचा हिशेब. मोटरने तेलाला दिलेल्या शक्तीपुढे दोनच मार्ग असतात. एक तर ती दाबपाट ढकलण्याच्या कामी लागते, नाही तर तेलातच उष्णता होऊन राहते. दाबाखालचे तेल काहीही काम न करता अरुंद वाटेने कमी दाबाकडे निसटले की त्याची सर्व शक्ती उष्णतेत जाते. ही वाट रिलीफ व्हॉल्व्हची असो, सिलिंडरच्या झिजलेल्या सीलची असो, की पंपाच्या पोटातील फटीची असो. किती उष्णता निर्माण होते ते काढणे अवघड नाही. बारमधील दाब आणि मिनिटाला निसटणारे लिटर यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. १६० बारने २३ लिटर तेल रिलीफ व्हॉल्व्हवाटे परत जात असेल तर उत्तर ६.१ किलोवॅट येते. घरातील पाणी तापविण्याच्या तीन मोठ्या हीटरांइतकी ही उष्णता झाली. उलट १०० लिटरची लोखंडी टाकी, तिचे तेल हवेपेक्षा ३० अंशांनी अधिक तापलेले असताना, आपल्या पृष्ठभागावरून जेमतेम अर्धा किलोवॅट उष्णता हवेत सोडू शकते. या दोन आकड्यांतील तफावत ज्याच्या ध्यानात आली त्याला पंख्याच्या उपायाचे फारसे अप्रूप वाटणार नाही.

सदर यंत्र पाहण्यास गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. हवेचे तापमान ३३ अंश होते आणि टाकीतील तेलाचे ७८ अंश. सकाळपासून केवळ चार गासड्या झाल्या होत्या. यंत्राच्या पूर्वेतिहासात तीन नोंदी सापडल्या. तेल सहा महिन्यांत दोनदा बदलले होते. गासड्या सैल होतात म्हणून एका फिटरने रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब १९० बारपर्यंत नेला होता. त्यानंतर मोटरचा ओव्हरलोड रिले अधूनमधून पडू लागला होता. शेवटची गोष्ट अपेक्षितच होती. १९० बारला २३ लिटर म्हणजे तेलात ७.३ किलोवॅट, आणि पंपाचे स्वतःचे घर्षण धरले तर मोटरवर साडेआठ किलोवॅटचा भार पडतो. मोटर साडेसात किलोवॅटची आहे. शिवाय यंत्राची चौकट, नळ्या आणि वेल्डिंग ही सर्व १६० बारच्या हिशेबाने केलेली असतात. स्क्रू आवळणाऱ्याने संरक्षक झडपच निकामी केली होती. पहिले काम म्हणून तो दाब, मापकाकडे पाहत, पुन्हा १६० वर आणला.

त्यानंतर काहीही न उघडता एक गासडी बांधण्याचे काम पाहत उभा राहिलो. तपासणीच्या हत्यारांआधी हे करावे असे माझे मत आहे. गासडी पूर्ण दाबल्यावर काम करणाऱ्या बाईंनी दिशादर्शक व्हॉल्व्हचा दांडा खाली ओढला आणि लोखंडी तारेच्या आकड्याने तो तेथेच अडकवून ठेवला. मग दोघी जणी गासडीला तारा बांधू लागल्या. बांधणी संपायला सहा मिनिटे लागली, आणि त्या सहाही मिनिटांत मापकाचा काटा १६० वर स्थिर होता व रिलीफ व्हॉल्व्हमधून बारीक शीळ येत होती. आकडा कशासाठी, असे विचारता त्या म्हणाल्या, "दांडा सोडला की पाट हळूहळू वर येतो, साहेब. गासडी फुगते, मग तार पुरत नाही."

हे उत्तर फार महत्त्वाचे होते. दांडा मध्यावर सोडला असता या यंत्रात सिलिंडरच्या दोन्ही नळ्या बंद होतात आणि पंपाचे तेल पाच-सहा बारच्या नाममात्र दाबाने टाकीत परत जाते. तेव्हा उष्णता पाव किलोवॅटहूनही कमी असते. दांडा अडकवून ठेवला की दाबपाट हलत नाही, म्हणजे काम शून्य होते, आणि पंपाचे सर्व तेल १६० बारवरून रिलीफ व्हॉल्व्हवाटे टाकीत जाते. सहा मिनिटे सहा किलोवॅट, म्हणजे एका बांधणीत एकट्या तेलाचे तापमान १३ अंशांनी वाढविण्याइतकी उष्णता. तिचा काही भाग टाकी, सिलिंडर आणि नळ्यांचे लोखंड वाटून घेते, तरीही दर गासडीमागे आठ-नऊ अंश पडतातच. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कसलाही दोष नव्हता. तो आपले काम करीत होता, फक्त ते काम दिवसातून काही सेकंदांचे असावे ते तास-दीड तासाचे झाले होते.

आकडा काढून टाका, एवढा हुकूम देऊन भागण्यासारखे नव्हते. दाबपाट वर येण्याची तक्रार खरी होती आणि सैल गासडी वाहतूकदार घेत नाही. दट्ट्याच्या वर दाबून ठेवलेले तेल कोठून तरी निसटत होते. ती वाट सिलिंडरच्या सीलची असू शकते किंवा दिशादर्शक व्हॉल्व्हच्या सरकत्या दांडीची. सीलची परीक्षा अशी केली : दाबपाट तळापर्यंत नेला, मोटर बंद केली, दांडा मागेपुढे हलवून उरलेला दाब सोडला आणि सिलिंडरच्या दट्ट्यादांडीकडील नळी काढली. मोकळ्या झालेल्या नळीच्या टोकाला झाकण बसविले आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली भांडे ठेवले. पुन्हा मोटर चालवून दांडा दाबण्याच्या दिशेनेच धरला. सील फाटले असते तर या तोंडातून धार आली असती. अर्ध्या मिनिटात काही थेंब आले, त्यापलीकडे काही नाही. सील ठीक होते. अर्थात तेल दिशादर्शक व्हॉल्व्हच्या सरकत्या दांडीभोवतून निसटत होते. ही दांडी तिच्या भोकात तेलाच्या पातळ पापुद्र्यावर सरकत असल्यामुळे थोडी गळती नव्या व्हॉल्व्हमध्येही असतेच, आणि भार धरून ठेवण्यासाठी तो बनविलेलाच नसतो. त्यासाठी सिलिंडरच्या वरच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह लागतो, जो तेल आत जाऊ देतो आणि परतीच्या वेळी दुसऱ्या नळीतील दाबाने उघडतो. तो या यंत्रात दिलेलाच नव्हता. तो बसविला, आकडा काढला, आणि दांडा सोडल्यावरही पाट जागचा हलला नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्रावरून निरोप आला की आता बारा वाजेपर्यंत सहा गासड्या होतात आणि टाकी ६० अंशांच्या आसपास राहते. इथे प्रकरण संपले असे कोणीही म्हटले असते. पण निरोपात आणखी एक वाक्य होते. दुपारी पाट अजूनही मंद चालतो, विशेषतः बाटल्या दाबताना शेवटच्या वीतभर अंतरात.

मंद चालणे म्हणजे सिलिंडरला कमी तेल मिळणे. कमी तेल दोन कारणांनी मिळते : पंपाला ओढायला तेल कमी पडते, किंवा ओढलेले तेल तो आतल्या आत परत सोडतो. ही दोन कारणे एकमेकांपासून ओळखण्याची सोपी खूण आहे. तळाची गाळणी तुंबली असेल तर त्रास सकाळी, तेल थंड व दाट असताना, अधिक होतो आणि पंप खडे दळल्यासारखा आवाज करतो. आतली गळती असेल तर उलट. सकाळी सर्व ठीक असते, तेल तापले व दाब चढला की त्रास सुरू होतो, आणि आवाजात फारसा फरक पडत नाही. येथे दुसरी खूण जुळत होती. रिकामा पाट खाली येण्यास २६ सेकंद लागत, हिशेबाप्रमाणेच. यावरून फिटरने पंप उत्तम असल्याचा निर्वाळा दिला होता. पण रिकाम्या पाटाला दाबच लागत नाही, आणि दाब नसेल तर फटीतून गळतीही होत नाही. रिकाम्या फेरीची वेळ ही गळतीची परीक्षा होऊ शकत नाही.

दाबमापकाविषयीही असाच समज आहे. काटा १६० वर जातो म्हणून पंप निर्दोष, असे मानले जाते. परंतु काटा १६० वर जाण्यासाठी पंपाच्या गळतीपेक्षा थोडे अधिक तेल आले तरी पुरते. २३ पैकी १५ लिटर आतल्या आत परत गेले आणि ८ लिटर बाहेर आले, तरी बंद वाटेपुढे ते ८ लिटर काट्याला १६० पर्यंत चढवितातच. मापक दाब सांगतो, तेल किती येते हे सांगत नाही. मोटरच्या ॲमीटरवरूनही काही कळत नाही. पंपाचा दट्टा किंवा दातेरी चाक फिरविण्यास लागणारा जोर दाबावर अवलंबून असतो, आणि गळलेले तेलही त्याच दाबापर्यंत चढवूनच गळते. म्हणून झिजलेला पंप चांगल्या पंपाएवढीच वीज घेतो.

तेव्हा तेल मोजणे हाच मार्ग उरतो. प्रवाहमापक असल्यास उत्तम, पण पंचायतीच्या शेडमध्ये तो नसतो. रिलीफ व्हॉल्व्हची टाकीकडे जाणारी नळी वेगळी असल्यामुळे बादलीने काम झाले. मोटर बंद ठेवून ती नळी टाकीपासून सोडविली आणि तिला दुसरी लांब नळी जोडून खुणा केलेल्या ५० लिटरच्या स्वच्छ पिंपात सोडली, पिंपाला घट्ट बांधली. दिशादर्शक व्हॉल्व्हकडून येणाऱ्या परतीच्या नळीसाठीही असेच दुसरे, लहान भांडे ठेवले. या दोन्ही नळ्यांत दाब नाममात्र असतो, म्हणूनच हे करता येते. पंपाकडून व्हॉल्व्हकडे येणारी दाबाची नळी सोडवून असा प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ. १६० बारची सुईसारखी बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरवू नये, लांब पुठ्ठा फिरवावा.

मांडणी झाल्यावर दाबपाट तळापर्यंत नेऊन दांडा धरून ठेवला. आता पंपाच्या तेलाला तीनच वाटा होत्या. रिलीफ व्हॉल्व्हमधून पिंपात, सीलमधून किंवा सरकत्या दांडीभोवतून लहान भांड्यात, किंवा पंपाच्या आतूनच पुन्हा ओढ नळीकडे. पहिल्या दोन मोजता येतात, तिसरी २३ लिटरमधून उरते. मोटरचे फेरे आधीच मोजून १४४० असल्याची खात्री केली होती. तेल ४० अंशांवर असताना एका मिनिटात पिंपात साडेवीस लिटर जमले, लहान भांड्यात चहाच्या कपाएवढे. गळती अडीच लिटर. अशा पंपाकडून पाच ते आठ टक्के गळती नवेपणीही गृहीत धरावी लागते, हे पाहता हा आकडा संशयास्पद होता, पण घातक नव्हता. मग काम चालू ठेवून तेल ७० अंशांपर्यंत तापू दिले आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. पिंपात साडेचौदा लिटर. गळती आता साडेआठ लिटर झाली होती.

हे दोन आकडे एकत्र पाहिले की यंत्राचे वर्तन उलगडते. या यंत्रात ६८ क्रमांकाचे तेल आहे. हा क्रमांक ४० अंशांवरील त्याच्या दाटपणाचा असतो. ७० अंशांवर तेच तेल सुमारे २० पर्यंत पातळ होते, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी दाट. बारीक फटीतील गळती दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे अडीच लिटरचे साडेआठ होणे हे हिशेबाबरहुकूमच आहे. फट मोठी झाली तर परिणाम याहून भयंकर होतो, कारण गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट, तर गळती आठपट. साडेआठ लिटर १६० बारने गळणे म्हणजे पंपाच्या मुठीएवढ्या पोटात सव्वादोन किलोवॅट उष्णता. ही उष्णता टाकीत न जाता तेथेच फिरत राहते. १६० बार गमावणारे तेल एका खेपेत सुमारे १० अंशांनी तापते, पंपाच्या ओढ बाजूला मिसळते, पुन्हा आत ओढले जाते, अधिक पातळ होते आणि अधिक गळते. म्हणून गळक्या पंपाचे अंग टाकीपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले आढळते. दाब धरलेला असताना या पंपाचे अंग ८४ अंश आणि टाकी ६८ अंश होती. दूरून मोजणाऱ्या इन्फ्रारेड तापमापकाने हे मोजले. चकचकीत धातूवर तो तापमान कमी दाखवितो, म्हणून पंपावर आणि नळ्यांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

हीच पद्धत उष्णतेचा उगम शोधण्यास सर्वत्र उपयोगी पडते. ज्या ठिकाणी तेल आत जाताना थंड आणि बाहेर येताना आठ-दहा अंशांनी गरम आढळते, तेथे दाब वाया जात आहे. रिलीफ व्हॉल्व्हच्या बाबतीतही तसेच. दाबण्याचे काम चालू असताना, काटा १०० बारच्या आसपास असेल तेव्हा, पिंपाकडे पाहिले असता थेंबच पडत होते. १४० च्या पुढे ते धारेत बदलले. या प्रकारचे व्हॉल्व्ह ठरविलेल्या दाबाच्या थोडे आधीच उघडू लागतात, त्यामुळे हे स्वाभाविक होते. १०० बारलाच धार लागली असती तर शंकूखाली कचरा अडकला आहे, बैठकीला खाच पडली आहे किंवा स्प्रिंग मोडली आहे, असा अर्थ झाला असता. अशा वेळी स्क्रू आवळून काही साधत नाही. व्हॉल्व्ह उघडून, धुऊन, बैठक पाहावी लागते.

पंप उतरवून उघडला तेव्हा दातेरी चाकांच्या दोन्ही बाजूंच्या पितळी रंगाच्या चकत्यांवर नखाला लागतील एवढे ओरखडे होते, आणि कवचाला ओढ बाजूकडे चाकाच्या दातांनी खरवडलेला पट्टा दिसत होता. दाबाने चाके त्या बाजूला रेटली जातात, म्हणून झीज तेथे होते. ओरखडे धुळीचे होते. टाकीच्या श्वसनझाकणाची गाळणी केव्हाच निघून गेली होती आणि त्या भोकात कापडाचा बोळा होता. सिलिंडर खालीवर होताना टाकीतील तेलाची पातळी दर खेपेला काही लिटरांनी बदलते, तेवढी हवा टाकी आत-बाहेर घेते, आणि पुठ्ठ्याच्या शेडमधील हवा ही मुख्यत्वे धूळच असते. ७८ अंशांच्या पातळ तेलात चाके व चकत्या यांच्यामधील पापुद्रा बारीक होतो, तेव्हा हीच धूळ धातूपर्यंत पोहोचते. तारेच्या आकड्याने तेल तापविले, तापलेल्या तेलाने पंप झिजू दिला, आणि आकडा काढल्यावरही झीज मागे राहिली. पंपाचे सील बदलण्याचा संच बाजारात मिळतो. तो कवचाची झीज भरून काढीत नाही, म्हणून त्यावर खर्च न करता पंपच बदलला. त्यापूर्वी टाकी रिकामी करून कापसाचे धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसली, परतीची गाळणी नवी घातली आणि श्वसनझाकण बसविले. हे न करता नवा पंप लावला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता.

नव्या पंपाने पिंपाच्या चाचणीत ४० अंशांवर साडेबावीस आणि ७० अंशांवर २१ लिटर दिले. बाटल्या दाबण्याची शेवटची वीत पुन्हा सकाळ-दुपार सारख्याच वेळात पार होऊ लागली. बारा वाजताचे तापमान मात्र ६० वरून ५४ वरच आले, आणि याचे पंचायतीच्या सचिवांना आश्चर्य वाटले. त्यात नवल नाही. उष्णता ही शक्ती आणि वेळ यांचा गुणाकार असते. पंपाची गळती सव्वादोन किलोवॅटची असली तरी गासडी दाबताना पूर्ण दाब थोडाच वेळ असतो. आकडा सहा किलोवॅटचा होता आणि सहा-सहा मिनिटे चालत होता. दिवसभर दाबाखाली राहणाऱ्या यंत्रात हेच प्रमाण उलटे झाले असते. कूलरचे अंदाजपत्रक रद्द झाले. कूलर बसविला असता तर टाकी थंड राहिली असती, मोटरची वीज पूर्वीइतकीच जळाली असती आणि पंपाची झीज कोणाच्या ध्यानात न येता वाढत गेली असती.

पिंपाच्या या चाचणीला मर्यादा आहेत. काही यंत्रांत रिलीफ व्हॉल्व्ह दिशादर्शक व्हॉल्व्हच्याच अंगात बसविलेला असतो आणि दोघांची परतीची नळी एकच असते. तेथे सर्व परत तेल एकत्र मोजून २३ मधून वजा केले की पंपाची गळती कळते, पण रिलीफ, सील व सरकती दांडी यांचा वाटा वेगळा करता येत नाही. त्यासाठी सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही तोंडांवर दाब सोसणारी पोलादी झाकणे बसवून चाचणी पुन्हा घ्यावी लागते. पट्ट्याने चालणाऱ्या पंपाचा पट्टा घसरत असेल तर फेरेच कमी पडतात आणि ते गळतीसारखे भासते. तलावांतील गाळ काढणाऱ्या मोठ्या एक्स्कॅव्हेटरांत गिअर पंपाऐवजी पिस्टन पंप असतात. त्यांची आतली गळती कवचात साठून एका स्वतंत्र बारीक नळीने टाकीत परत येते. तेथे ती नळी भांड्यात सोडून, यंत्र तापलेल्या स्थितीत व भाराखाली, मिनिटाला किती तेल येते ते थेट मोजावे आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे. ही नळी कधीही बंद करू नये, कारण पंपाचे कवच दाब सोसण्यासाठी बनविलेले नसते.